मोहरीच्या दाण्याएवढी हवा

भाची बाळंतपणाला माहेरी आली होती. दूध पुरेसं येत नव्हतं म्हणून बाळाला रात्री वरचं दूध द्यावं लागायचं, आणि अपरात्री उठून गॅस पेटवायला नको म्हणून ताईने बाजारातून एक लिटरचा स्टीलचा थर्मास आणला होता. साडेतीनशे रुपये, चकचकीत, खोक्यावर ‘२४ तास गरम’. मी भेटायला गेलो त्या संध्याकाळी ताईने तो माझ्यापुढे धरला. “हात लावून बघ. बाहेरूनसुद्धा किती गरम लागतोय! चांगलं धरून ठेवतो.”

मी हात लावला. झाकणापासून बुडापर्यंत सगळं अंग कोमट होतं, पोटाशी तर चांगलंच ऊन. ताईला जी खूण चांगली वाटत होती तीच मला वाईट वाटली. थर्मासचं अंग बाहेरून गरम लागतं, याचा अर्थ आतली ऊब बाहेर चालली आहे. चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी असलं तरी त्याच्या पोटाला हात लावून आत काय आहे ते कळता कामा नये.

बाळाच्या दुधाचा प्रश्न नसता तर मी गप्प बसलो असतो. पण दुधाची पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवावी आणि मग निववून पाजावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यात असलेले जंतू त्या उष्णतेनेच मरतात. रात्री दहाला भरलेल्या पाण्याचं पहाटे चारला काय होतं, हे बघणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी घरून माझा थर्मास आणला. तोही एक लिटरचाच, अकरा वर्षं वापरलेला, कडी तुटलेली. स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला. दोन्हींत एकाच पातेल्यातलं उकळतं पाणी भरलं. ओतताना पाणी थोडं निवतंच, त्यामुळे सुरुवात दोन्हीकडे ९२ अंशांनी झाली. खोलीत २८ अंश होते. दोन तासांनी माझ्या थर्मासमधलं पाणी ८५ वर होतं, ताईच्या थर्मासमधलं ६७ वर. चार तासांनी माझं ७९, ताईचं ५१. सहा तासांनी माझं ७४ आणि ताईचं ४२, म्हणजे अंघोळीच्या पाण्याइतकं. पावडरीला लागणारे ७० अंश ताईच्या थर्मासने दोन तासही टिकवले नव्हते.

भोसरीच्या एमआयडीसीत मी बावीस वर्षं व्हॅक्युम भट्टीवर काम केलं. तिथे आम्ही डाय आणि कटर निर्वातात तापवून कडक करायचो. त्यामुळे पोकळीतून हवा काढणं म्हणजे काय आणि ती पुन्हा शिरू न देणं म्हणजे काय, हे मी रोज बघत आलो. थर्मास हे त्याच विद्येचं घरोघरी पोचलेलं रूप आहे. ताईच्या थर्मासमध्ये नेमकं काय चुकलं होतं ते सांगायचं, तर आधी चांगल्यात काय बरोबर असतं ते बघावं लागेल.

स्टीलचा थर्मास म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन बाटल्या. त्या फक्त तोंडापाशी एकमेकींना वेल्डिंगने जोडलेल्या असतात. बाकी सगळीकडे, अगदी बुडाशीही, दोघींच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. सगळं कसब त्या फटीत आहे. त्या फटीत हवा असेल तर आतल्या गरम भिंतीला आपटणारे हवेचे रेणू वेग घेतात, शेजारच्या रेणूंना धडकून तो त्यांना देतात, आणि असं हस्ते-परहस्ते करत उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचते. हवा काढून टाकली की हे वाहकच उरत नाहीत. इतकं शाळेत शिकवतात आणि ते खरंही आहे. पण ‘किती हवा काढायची’ हे शाळेत सांगत नाहीत, आणि स्वस्त थर्मास नेमका तिथेच मार खातो.

कुणालाही वाटेल, की अर्धी हवा काढली तर उष्णता निम्मी जाईल, नव्वद टक्के काढली तर दहावा हिस्सा जाईल. तसं होत नाही. फटीतल्या हजार भागांतले नऊशे नव्याण्णव भाग हवा काढून एकच भाग ठेवला, तरी तीन मिलिमीटरच्या फटीतून हवेवाटे जाणारी उष्णता जवळपास पूर्वीइतकीच राहते. कमी झालीच तर दहावा हिस्साही नाही.

हे पटायला जड जातं. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी पटलं नव्हतं. पण स्लॅब पडताना घमेल्यांची साखळी पाहिली असेल तर ते समजतं. मिक्सरपासून स्लॅबपर्यंत माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि प्रत्येकाने घमेलं फक्त हातभर पुढे सरकवायचं आहे. आता निम्मी माणसं कमी केली. उरलेल्यांना जागा मोकळी मिळाली, म्हणून प्रत्येक जण दोन हात पुढे जाऊन घमेलं देतो. माणसं निम्मी, पण प्रत्येकाची मजल दुप्पट, म्हणून वर पोचणारा माल तेवढाच. आणखी माणसं कमी करा, मजल आणखी वाढेल. हवेचे रेणूही असेच वागतात. साध्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग इतकंच चालतो. हवा विरळ केली की धडकायला कुणी नाही, म्हणून तो लांबवर जातो. संख्येत गेलेलं मजलेत भरून निघतं.

हे कुठपर्यंत चालेल? एकेक माणूस थेट मिक्सरपासून स्लॅबपर्यंत धावू लागेपर्यंत. त्यापुढे मजल वाढायला जागाच नाही, आणि आता माणूस कमी केला की घमेलं खरोखर कमी होतं. थर्मासच्या फटीत ही वेळ येते ती रेणूची मजल फटीच्या रुंदीएवढी झाल्यावर, म्हणजे हवा वातावरणाच्या सुमारे एक लाखाव्या भागावर उतरल्यावर. मोजायच्या भाषेत बोलायचं तर वातावरणाचा दाब एक लाख पास्कल, आणि थर्मासचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं ते एका पास्कलच्या खाली. चांगला थर्मास त्याच्याही शंभर पट खाली नेलेला असतो.

म्हणूनच ‘थोडा कमी व्हॅक्युम’ असलेला थर्मास थोडा कमी चांगला नसतो. तो बिनव्हॅक्युमच्या थर्मासच्या पंक्तीला जाऊन बसतो.

ही युक्ती स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते वायू द्रवरूप करत होते आणि तो द्रव उकळून उडून जाऊ नये म्हणून १८९२मध्ये त्यांनी दुहेरी भिंतीचं, मधली हवा काढलेलं काचपात्र केलं. ते होतं थंड राखण्यासाठी. चहाशी त्याची गाठ घालून दिली ती रेनहोल्ड बुर्गर या जर्मन काच कारागिराने, आणि १९०४पासून ‘थर्मास’ हे नाव बाजारात आलं. आपल्याकडे पुष्कळ वर्षं थर्मास म्हणजे काचेचाच. तळेगावच्या ईगलचा थर्मास प्रवासाच्या पिशवीत असायचा, आणि तो फुटला की आतली चंदेरी काच, म्हणजे ‘रिफील’, बदलून मिळायची. स्टीलला इतका उशीर का झाला, तर काच पोकळीत फारसा वायू सोडत नाही आणि स्टील सोडतं.

ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण पंपाच्या काट्यावर दिसते. भट्टीत आम्ही एखादा भाग नीट न धुता ठेवला, त्यावर हाताचा तेलकट ठसा राहिला, की पंप तासभर जास्त ओढत राहायचा तरी काटा उतरायचा नाही. धातूच्या पृष्ठभागावर पाण्याच्या वाफेचा थर चिकटलेला असतो, तेलाचा अंश असतो. शिवाय स्टील वितळलेलं असताना त्यात मुरलेला हायड्रोजन पुढे वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतो. आणि उष्णता वाहण्यात हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट तरबेज. म्हणजे तुम्ही फट अगदी रिकामी करून झाळून टाकली, तरी भिंती स्वतःच ती पुन्हा भरू लागतात.

यावर उपाय म्हणजे तापवणं. चांगल्या कारखान्यात दोन्ही बाटल्या आर्गन किंवा लेझरने वेल्ड झाल्यावर थर्मास उलटा करून व्हॅक्युम भट्टीत रचतात. बाहेरच्या बाटलीच्या बुडाशी एक छोटा खळगा असतो, खळग्यात बारीक भोक, आणि भोकाच्या बाजूला लवकर वितळणाऱ्या खास काचेचा एक तुकडा ठेवलेला. भट्टीचे पंप ओढू लागतात आणि फटीतली हवा त्या भोकातून बाहेर येते. मग तापमान पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास चढवून तासन्‌तास धरून ठेवायचं, म्हणजे स्टीलला चिकटलेली वाफ आणि वायू सुटून पंपात जातात. शेवटी ती काच वितळते, भोकावर पसरते आणि थंड होताना तिथेच सील होते. निर्वात आतल्या आत कोंडला जातो. काही कारखान्यांत बुडाला तांब्याची बारीक नळी लावून तिच्यातून हवा ओढतात आणि नंतर नळी चिमटून बंद करतात. ती जुनी पद्धत आहे, तीही चालते.

फटीत आणखी एक वस्तू असते, जी गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. झिरकोनियमच्या मिश्रधातूची औषधाच्या गोळीएवढी एक वडी बुडाशी आतून चिकटवलेली असते. तिला गेटर म्हणतात. भट्टीत तापली की ती जागी होते आणि पुढे भिंतींतून झिरपणारा हायड्रोजन आणि इतर वायू शोषत राहते. माझा थर्मास अकरा वर्षं टिकला तो या वडीच्या जिवावर.

आता यात पैसे वाचवायचे तर कुठे? भट्टी तासन्‌तास चालवायला वीज लागते, म्हणून वेळ निम्मा केला जातो. खोल निर्वात ओढायला साध्या रोटरी पंपाच्या जोडीला डिफ्यूजन पंपासारखा दुसरा पंप लागतो, तो टाळला जातो. गेटर काढून टाकलं तर विकायच्या दिवशी काहीच फरक दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक परत येत नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे हवा काढायचीच नाही. दोन बाटल्या एकात एक घालायच्या, बूड वेल्ड करायचं, खोक्यात भरायचं. ती वस्तू ‘डबल वॉल’ आहे हे खरंच असतं. फक्त दोन भिंतींच्या मध्ये काय आहे, ते कुणी विचारत नाही.

ताईचा थर्मास यातला कुठला, हे मला बघायचं होतं. भाचीसाठी नवा थर्मास त्याच दिवशी आणून दिला आणि हे दोन्ही मी घरी घेऊन गेलो.

आधी माझा घेतला. अकरा वर्षांची सोबत, जीव थोडा खालीवर झाला. बुडाची प्लॅस्टिकची टोपी उचकटली. खाली खळगा होता आणि खळग्यात काचेचा काळपट मणी. दोन मिलिमीटरचं ड्रिल मी त्या मण्यापासून दूर, बाजूच्या पत्र्यावर टेकवलं. पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. टोक आरपार जाताक्षणी ‘फुस्स’ आवाज आला, अर्ध्या सेकंदाचा, जणू कुणी दचकून श्वास आत घेतला. अकरा वर्षं बाहेर थोपवलेली हवा एका झटक्यात आत गेली.

मग ताईचा. बुडाखाली खळगा नव्हता, मणी नव्हता, नळीची खूणही नव्हती. ड्रिल आरपार गेलं आणि आवाज आला नाही. आत हवा होतीच. ती पहिल्या दिवसापासून होती.

त्यानंतर मी माझ्याच, आता भोक पडलेल्या थर्मासमध्ये पुन्हा ९२ अंशांचं पाणी भरलं. झाकण तेच, तोंड तेच, स्टील तेच. बदल फक्त एका भोकाचा. चार तासांनी आत ५३ अंश होते. भोक पाडण्यापूर्वी ७९ असायचे. आणि पोटाला हात लावला तर अगदी ताईच्या थर्माससारखं ऊन. अकरा वर्षं जे पाणी गरम राहत होतं ते स्टीलमुळे नव्हतं, हे त्या भोकाने दाखवून दिलं.

उष्णतेचा हिशेब मांडला तर असा बसतो. एक लिटर पाणी तासाला तेरा अंशांनी उतरतं तेव्हा ते सुमारे पंधरा वॅट बाहेर टाकत असतं. पूर्वी घराघरात रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा असायचा. तेवढी उष्णता ताईच्या थर्मासच्या अंगातून सतत वाहत होती. माझ्या थर्मासमधून, धड होता तोवर, चार वॅटच्या आसपास.

हे चार वॅट तरी कुठून जात होते? निर्वातातूनही उष्णता जातेच, कारण तापलेली वस्तू ती प्रकाशासारखी फेकत असते आणि त्याला वाहक लागत नाही. सूर्याची ऊब आपल्याला अशीच मिळते. ती अडवायची तर आतल्या बाटलीचा फटीकडचा पृष्ठभाग असा हवा, की तो उष्णता फेकायला नाखूश असेल. तांबं तसं आहे. म्हणून बऱ्या थर्मासमध्ये आतल्या बाटलीला बाहेरून तांब्याचा मुलामा असतो किंवा तांब्याचा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख गुंडाळलेला असतो. मी ग्राइंडरने दोन्ही थर्मास उभे चिरले तेव्हा माझ्यातल्या बाटलीचा रंग नव्या तांब्याच्या लोट्यासारखा निघाला. निर्वातात गंज कुठून चढणार? ताईच्यातली साध्या स्टीलची होती. नुसत्या स्टीलच्या भिंतीतून या वाटेने जेवढी उष्णता जाते, तिच्या जवळपास तिसरा हिस्सा तांबं लावल्यावर जाते. निर्वात असेल तरच हा फरक जाणवतो. मध्ये हवा असेल तर तांबं असलं काय नि नसलं काय.

उरलेलं सगळं वरून जातं. तोंडापाशी दोन बाटल्या जोडलेल्या आहेत, तो एकच पूल आहे आणि तो धातूचा आहे. म्हणून चांगल्या थर्मासची मान थोडी गरम लागते, त्याने घाबरू नये. तोंड रुंद असेल, मान जाड पत्र्याची असेल तर पूल रुंद होतो. झाकण आतून पोकळ आणि पातळ प्लॅस्टिकचं असेल, फोम भरलेला नसेल, वायसर सैल असेल, तर वाफ त्यातून वाट काढते. उत्तम निर्वाताचा थर्मासही वाईट झाकणाने वाया जातो, आणि हे दुखणं पन्नास रुपयांच्या नव्या वायसरने बरं होऊ शकतं. लहान थर्मास लवकर निवतो त्याचंही कारण हेच आहे. पाणी निम्मं, पण तोंड आणि झाकण तेवढंच. अर्धा भरलेला मोठा थर्मासही तसाच.

आता दुसरी तक्रार. ‘घेतला तेव्हा छान होता, वर्षात बिघडला.’ इथे थर्मासमध्ये हवा काढलेली असते, पण ती परत येते. किती यावी लागते बघा. एक लिटरच्या थर्मासची फट सगळी मिळून सुमारे १८० घन सेंटिमीटरची, म्हणजे चहाचे दोन कप. तिचा एक लाखावा भाग म्हणजे दोन घन मिलिमीटरहूनही कमी, मोहरीच्या एका बारीक दाण्याएवढी जागा. एवढीशी बाहेरची हवा आत शिरली की फटीतला दाब एक पास्कलवर जातो आणि थर्मासमधून जाणारी उष्णता साधारण दुप्पट होते. दहा दाण्यांएवढी शिरली की फटीचं निम्मं कामच बसतं.

मोहरीच्या दाण्याएवढी हवा वर्षभरात आत यायला जी वाट लागते ती वेल्डिंगमधल्या सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक छिद्रातून मिळते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात बुडवून बुडबुडेही येत नाहीत. म्हणून चांगले कारखाने हेलियम वायूने गळती तपासतात आणि शेवटी प्रत्येक थर्मास आतून तापवून बाहेरच्या भिंतीचं तापमान बघतात. स्वस्तात यातलं दुसरं गाळलं जातं, पहिलं तर नसतंच. गेटर नसेल तर वेल्डिंग उत्तम असूनही भिंतींतला वायू हे काम स्वतःच पार पाडतो. रोज उकळतं पाणी भरलं की आतली भिंत तापते आणि झिरपणं वाढतं.

घरातही आपण हातभार लावतो. थर्मासवर बाहेरून वातावरणाचा दाब सतत असतो. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो, म्हणजे एक लिटरच्या थर्मासच्या सगळ्या अंगावर मिळून जवळजवळ सहा क्विंटल. गोल आकार म्हणूनच असतो, चपटी बाटली तो सोसणार नाही. अशा ताणाखाली असलेली वस्तू हातातून सुटून फरशीवर पडली की पोचा येतो. पोचा दोन मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर बाहेरची भिंत आतल्या भिंतीला टेकते आणि उष्णतेला मधला पूल मिळतो. बुडावर पडला तर सीलचा मणी तडकू शकतो, आणि मग सगळंच संपलं. काही जण पाणी पुन्हा गरम करायला थर्मासच गॅसवर ठेवतात. तसं कधीही करू नका. पत्रा तापून स्टील वायू सोडतं, सील कमकुवत होतं आणि झाकणाचं प्लॅस्टिक जातं ते वेगळंच.

गेलेला निर्वात घरी किंवा भांड्यांच्या दुकानात परत भरता येत नाही. काचेचं रिफील बदलता यायचं, स्टीलला तो मार्ग नाही.

म्हणून घेतानाच बघावं. खोक्यावर ‘व्हॅक्युम’ हा शब्द हवा, नुसतं ‘डबल वॉल’ किंवा ‘इन्सुलेटेड’ नको. घरगुती थर्मास आणि बाटल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे, तेव्हा आयएसआयची खूण शोधावी. ‘२४ तास गरम’ यावर विसंबू नये, कारण किती अंश गरम हे तिथे लिहिलेलं नसतं. माझा थर्मास धड असतानासुद्धा २४ तासांनी ४५ अंशांच्या आसपास यायचा, तोही म्हणायला गरमच. सहा तासांनी किती अंश, असं लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचावा. फार जड थर्मास म्हणजे चांगला असं समजू नये, जाड मान उष्णता बाहेरच नेते. स्टील ३०४ प्रतीचं आहे की स्वस्त २०१ प्रतीचं, याने गंजण्यात फरक पडतो, गरम राहण्यात जवळजवळ नाही.

घरी आणल्या दिवशी मात्र एक करावं, आणि बिल फेकण्याआधी करावं. उकळतं पाणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि दहा मिनिटांनी तळहात पोटाला लावा, मग बुडाला लावा. मान सोडून सगळं अंग शेजारच्या रिकाम्या स्टीलच्या डब्याइतकंच थंड लागलं पाहिजे. एखाद्या जागीच ऊन लागलं तर तिथे भिंती टेकल्या आहेत. सगळीकडे ऊन लागलं तर निर्वात नाही, तसाच परत द्या. पावसाळ्यात उलटं करूनही कळतं. बर्फाचं पाणी भरा. पोटावर दव धरलं तर थंडी बाहेर पोचली आहे. हीच परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी केली की हळूहळू मरणारा थर्मासही वेळेवर कळतो.

नव्या थर्मासवर मी ही परीक्षा ताईसमोरच केली होती. तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि तिचा चेहरा पडला. “अरे, हा तर थंडगार आहे. पाणी भरलंस ना?” मी झाकण उघडलं. वाफेचा लोट तिच्या चष्म्यावर आला. त्या रात्री भाचीने पहाटे चारच्या दुधाआधी थर्मामीटर बुडवून मला आकडा पाठवला. ७५.